बिलाचं दुसरं पान: संपादकांना आणि वाचकांना आमच्या ट्रस्टचं खुलं पत्र

माननीय संपादक साहेब, आणि ती बातमी वाचलेले आपल्या तालुक्यातले सगळे वाचक, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात पहिल्या पानावर आमच्या धर्मादाय हॉस्पिटलबद्दल मोठी बातमी आली. बातमीचा सगळा रोख असा की गरिबांसाठीच्या फंडात जवळजवळ १२ लाख रुपये पडून आहेत, राखीव बेड रिकामे आहेत, आणि तरी एका शेतमजूर म्हातारीच्या हातात ६८ हजारांचं बिल ठेवलं गेलं. मी या ट्रस्टचा खजिनदार, हिशोबाचं सगळं माझ्याकडे असतं, त्यामुळे उत्तर मीच लिहावं असं मीटिंगमध्ये ठरलं.

आधी एक गोष्ट सांगतो. तुमच्या बातमीदारांबद्दल आमच्या कुणाच्याच मनात राग नाही. ते आले, अर्धा दिवस वॉर्डात फिरले, नातेवाईकांशी बोलले, आमच्या मॅनेजरकडून ऑडिट रिपोर्टची कॉपी मागून घेतली आणि ती त्यांना लगेच मिळाली पण. बातमीतला हिशोबाचा प्रत्येक आकडा आमच्याच कागदांवरचा आहे, कुठलाही मनाने घातलेला नाही, हे मी स्वतः कागद समोर ठेवून तपासलंय. आणि धर्मादाय हॉस्पिटलला असे प्रश्न कुणीतरी विचारलेच पाहिजेत. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलांबद्दल काय काय ऐकू येतं ते आपण सगळेच वाचतो, लोकांना संशय येतो त्यात त्यांचं काही चुकत नाही. आकडे खरे आहेत, पण त्यांचा जो अर्थ लावला गेलाय तो तीन-चार ठिकाणी चुकलाय, आणि तेवढंच या पत्रात सांगायचंय.

आणि हे सांगायची घाई का, तर बातमी आल्यानंतर दोन दिवसांनी एक मुलगा वडिलांना घेऊन आला, छातीत दुखायला लागून रात्र उलटून गेलेली, आणि रात्रीच का नाही आणलंस विचारलं तर म्हणाला की पेपरात वाचलं होतं तिथं आधी ५० हजार भरायला लागतात, म्हणून सकाळी पैशाची जुळवाजुळव करून आलो. वडील आता बरे आहेत. पण ती रात्र त्या घरानं जी काढली ती काढायची काही गरज नव्हती, कारण इमर्जन्सीत डिपॉझिट मागायचंच नाही हा नियम आहे. पेशंट आला की आधी दाखल करायचं, जीव वाचवायचे उपचार करायचे, तो स्थिर होईपर्यंत सांभाळायचं, कागद नि पैसा हे सगळं नंतर.

मग बातमीतले ५० हजार कुठून आले? तर ज्यांचं ऑपरेशन ठरवून करायचं असतं, म्हणजे गुडघा, हर्निया, गर्भाशयाची पिशवी वगैरे, त्यांना आम्ही आधी खर्चाचा अंदाज लिहून देतो. तो छापील कागद असतो, वर 'अंदाजे खर्च' असं लिहिलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरात असतं की निर्धन किंवा दुर्बल घटकातल्या रुग्णांनी समाजसेवा कक्षात भेटावं. बातमीत त्या कागदाला डिपॉझिटची मागणी म्हटलंय. ज्यांच्या हातात तो कागद होता त्या बाईंनी एक रुपयाही भरलेला नव्हता, त्या आपल्या सुनेबरोबर समाजसेवा कक्षाच्या बाहेर बसल्या होत्या, त्यांचा नंबर यायचा होता. खालची ओळ बारीक आहे हे मात्र खरं, आणि ती आता वर, मोठ्या अक्षरात, मराठीत छापायला सांगितलीय.

आता मुख्य मुद्दा, ६८ हजारांचं बिल. बातमीत त्या बिलाचा फोटो पण आहे. फोटो खरा आहे, बिल आमचंच आहे, एकूण रक्कम ६८,४५० हीसुद्धा बरोबर. पण ते बिल दोन पानांचं आहे आणि फोटो पहिल्या पानाचा आहे. दुसरं पान बातमीदारांना कुणी दाखवलं नसेल, किंवा नातेवाईकांच्या हातात त्या वेळी एकच पान असेल, ते मला माहीत नाही आणि त्यावरून कुणाला बोल लावायचाही नाही. आजींच्या मुलाची लेखी परवानगी घेऊन, नाव-गाव न सांगता, मी तुम्हाला दोन्ही पानं उलगडून सांगतो, म्हणजे धर्मादाय हॉस्पिटलचं बिल वाचायचं कसं तेही सगळ्यांना कळेल, पुढंमागं कुणाच्याही कामाला येईल.

आजी अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. नऊ दिवस आमच्याकडे होत्या. पहिल्या पानावर काय आहे बघा. बेड, नर्सिंग, जेवण मिळून रोजचे १,६०० प्रमाणे नऊ दिवसांचे १४,४००. सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर यांची फी १८,०००. थिएटर आणि खास तपासण्या १२,०५०. औषधं, ऑपरेशनला लागलेलं साहित्य आणि हाडात घातलेलं इम्प्लांट यांचे छापील किमतीनं २४,०००. याची बेरीज होते ६८,४५०. हे झालं एखाद्या सर्वसाधारण पेशंटला लागलं असतं ते बिल, आणि ते कॉम्प्युटर आधी असंच काढतो, मग पेशंट श्रीमंत असो की गरीब. का, तर नंतर कुठली सवलत कशावर दिली ते दाखवायला मूळ आकडा कागदावर लागतो, ऑडिटर तोच आधी विचारतो.

दुसऱ्या पानावर सवलतीचा हिशोब असतो. आजींचं कार्ड पिवळं, म्हणजे त्या निर्धन गटात बसतात. त्यामुळे बेड, नर्सिंग, जेवणाचे १४,४०० सरळ वजा, ते निर्धन रुग्णाला लावायचेच नसतात. डॉक्टरांची फी १८,००० वजा, कारण आमचे डॉक्टर निर्धन रुग्णाची फी सोडून देतात, आणि सोडलेली फी फंडातूनही घ्यायची नसते. थिएटर आणि खास तपासण्या हॉस्पिटलच्या सगळ्यात खालच्या वर्गाच्या दरानं लावायच्या असतात, त्या आधीच जनरल वॉर्डच्या दरानं लागलेल्या होत्या म्हणून १२,०५० तसेच राहिले. आणि औषधं, साहित्य, इम्प्लांट छापील किमतीनं नाही तर हॉस्पिटलनं ज्या किमतीला विकत घेतलं त्या किमतीनं धरायचं, म्हणून २४,००० चे झाले १७,३००. आता राहिले १२,०५० अधिक १७,३००, म्हणजे २९,३५०. ही रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या खात्याला नावे टाकली. आणि शेवटची ओळ, रुग्णानं भरायची रक्कम, तिथं शून्य आहे. त्याच्याखाली मुलाची सही आहे, दोन रुपयेसुद्धा भरलेले नाहीत अशी.

त्यामुळे साहेब, तुमच्या बातमीतलं 'शेतमजूर महिलेकडून ६८ हजार वसूल' हे वाक्य दुरुस्त व्हायला हवं. वसूल शून्य झालेत. आजी आता वॉकर घेऊन घरात फिरतात, तपासायला येतात तेव्हा तेही फुकटच.

वाचकांना एक विनंती, तुमचं कुणी धर्मादाय हॉस्पिटलमध्ये असेल तर बिलाचं शेवटचं पान मागून घ्या. आमच्याकडेही आणि दुसरीकडेही. त्यात निधीला नावे टाकलेली रक्कम आणि तुम्ही भरायची रक्कम वेगवेगळी दिसली पाहिजे. तुम्ही निर्धन गटात असून औषधं छापील किमतीनं लावली असतील, किंवा बेडचा चार्ज लागला असेल, तर तिथं चूक आहे आणि ती विचारायचा तुमचा हक्क आहे. तिथं नाही ऐकलं तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे ते १२ लाख. बातमीत लिहिलंय की निर्धन रुग्ण निधीत ११ लाख ८० हजार रुपये पडून आहेत. हा आकडा ऑडिट रिपोर्टात आहे, पण तो जमा बाजूचा आहे, शिलकीचा नाही. हिशोबाची वही ज्यांनी कधी लिहिली नाही त्यांना हे सहज गफलतीचं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हा निधी येतो कुठून ते आधी. सरकार तो देत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आहे, आणि त्याखाली २००६ साली मुंबई हायकोर्टानं जी योजना मंजूर केली तिच्याप्रमाणे प्रत्येक धर्मादाय हॉस्पिटलनं बाकीच्या पेशंटना जेवढी बिलं लावली त्याच्या २ टक्के रक्कम या खात्यात टाकायची असते. नफ्याच्या नाही, बिलाच्या २ टक्के. हॉस्पिटल तोट्यात असलं तरी ती टाकावीच लागते. आमची गेल्या वर्षीची अशी बिलं ५ कोटी ९० लाखांची झाली, त्याचे २ टक्के म्हणजे ११ लाख ८० हजार. तोच हा आकडा.

आता त्याच पानावर डाव्या बाजूला बघा. वर्षाच्या सुरुवातीला आधीची शिल्लक होती १ लाख १५ हजार. वर्षभरात जमा झाले ११ लाख ८० हजार. एकूण १२ लाख ९५ हजार. यातून निर्धन आणि दुर्बल घटकातल्या रुग्णांवर खर्च पडला १२ लाख ४० हजार. ३१ मार्चला शिल्लक राहिले ५५ हजार. पडून असलेली रक्कम म्हणायची तर ती ५५ हजार, आणि ती सुद्धा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपली.

उलट मला काळजी वाटते ती हा निधी कमी पडण्याची, आणि हे मी मनापासून लिहितोय. आजींच्या एका ऑपरेशनला निधीतून २९,३५० गेले. म्हणजे फक्त अशीच ऑपरेशनं धरली तर वर्षभराचा निधी ४० पेशंटमध्ये संपतो. आणि आपल्याकडे वर्षाला खुबा मोडून चाळीसच येतात असं थोडंच आहे, त्यात बाळंतपणं आहेत, साप चावलेले आहेत, फवारणीचं औषध पोटात गेलेले आहेत, डायलिसिस आहे. मग निधी संपला की काय? तर निधी संपला म्हणून राखीव बेड बंद करता येत नाहीत. पेशंट घ्यायचाच, आणि निधीपेक्षा खर्च जास्त होतोय हे धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतल्या देखरेख समितीच्या कानावर घालायचं. आम्ही या उन्हाळ्यात तसं पत्र दिलंय, त्याची पोच माझ्या फाईलला आहे. बातमीत यातलं काही आलं असतं तर लोकांना खरा प्रश्न कळला असता, की तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलची बिलंच कमी असतात त्यामुळे २ टक्के पण थोडेच येतात, आणि गरीब पेशंट मात्र इथंच जास्त असतात. मोठ्या शहरात बरोबर उलटं.

तिसरा मुद्दा रिकाम्या बेडचा. आमचे एकूण ६० बेड. त्यातले १० टक्के म्हणजे ६ निर्धनांसाठी, तिथं उपचार मोफत. आणखी १० टक्के म्हणजे ६ दुर्बल घटकासाठी, तिथं सवलतीचा दर, आणि औषधं-साहित्य-इम्प्लांट खरेदी किमतीनं धरून त्याच्या किमान निम्मे पैसे पेशंटनं भरायचे. बातमीदार आले त्या दिवशी त्यांना जनरल वॉर्डात दोनच निर्धन पेशंट दिसले आणि त्यांनी लिहिलं की १२ पैकी १० राखीव बेड रिकामे. त्यांनी वॉर्डात जे पाहिलं ते बरोबरच होतं. पण आमच्याकडे राखीव बेडचा वेगळा वॉर्ड नाही, आणि तो मुद्दामच केलेला नाही. 'गरिबांचा वॉर्ड' अशी पाटी लावलेल्या खोलीत पेशंट ठेवायचा हे आमच्या संस्थापकांनाच पटत नव्हतं. जो आजार त्या वॉर्डात तो पेशंट जातो. त्या दिवशीच्या रजिस्टरप्रमाणे दोन निर्धन पेशंट आयसीयूत होते, एक बाळंतीण प्रसूती विभागात, दोन जनरलमध्ये, म्हणजे सहापैकी पाच भरलेले. दुर्बल घटकातले तीन जण होते, त्यातला एक लहान मुलांच्या विभागात. बारापैकी आठ बेड त्या दिवशी वापरात होते.

बाकीचे चार रिकामे का, तर त्या दिवशी तसे पेशंट आले नाहीत. राखीव म्हणजे कुणी आलं तर नाही म्हणायचं नाही. एसटीत काही सीट राखीव असतात तसं समजा, कुणी चढलं नाही म्हणून ती सीट चोरीला गेली असं होत नाही. याची उलट बाजू मात्र तपासली पाहिजे, की निर्धन पेशंट आला आणि बेड असूनही त्याला परत पाठवलं असं झालं का. ती खरी तक्रार. तशी एक तरी असेल तर ती आमच्यासमोर आणा, आम्ही रजिस्टर काढून दाखवतो, कुणाला कधी दाखल केलं, कुणाला सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि का, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

आता चौथं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण यावरून आमच्या समाजसेविका मॅडमवर बोट दाखवलं गेलंय. बातमीत लिहिलंय की नियमात न बसणाऱ्या लोकांना मोफत उपचार दिले, काहींचं वार्षिक उत्पन्न दीड लाखापर्यंत असताना त्यांना निर्धन दाखवलं. बातमीत उत्पन्नाची मर्यादा ८५ हजार दिलीय. ती मर्यादा पूर्वी होती, निर्धनांना ८५ हजार आणि दुर्बल घटकाला १ लाख ६० हजार. ती नंतर वाढलीय. आता निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजारांपर्यंत उत्पन्न चालतं. जुने आकडे अजून कितीतरी ठिकाणी पाटीवर आणि इंटरनेटवर आहेत, त्यामुळे बातमीदारांना तेच सापडले असतील, यात नवल नाही. पण दीड लाख उत्पन्न असलेला माणूस आजच्या नियमात पूर्णपणे निर्धन गटात बसतो. मॅडमनी जे केलं ते नियमाप्रमाणेच केलं. ज्या नऊ केसपेपरांवर बातमीत आक्षेप आहे ते सगळे मी पाहिले, नऊच्या नऊ पात्र आहेत.

आणि त्यातून वाचकांनी लक्षात ठेवायचं ते असं, की घरात रोजंदारीचे पाच-सहाशे रुपये आणणारा एकटा माणूस असेल तर तुम्ही बहुतेक या मर्यादेत बसता. 'आम्ही काय अगदी भिकारी नाही' म्हणून कितीतरी लोक विचारतच नाहीत आणि कर्ज काढतात. विचारा. कागद काय लागतात तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, किंवा रेशनकार्ड, किंवा दारिद्र्यरेषेखालचं कार्ड. कारखान्याचा सीझन सुरू झाला की बीड, जालन्याकडून ऊसतोडीला लोक येतात, त्यांचे कागद गावाकडे पेटीत असतात. अशा वेळी मॅडम पेशंटला आधी दाखल करून घेतात आणि गावाकडून कुणाकडून तरी कार्डाचा फोटो मोबाईलवर मागवून घेतात, मूळ कागद डिस्चार्जच्या आत आला की झालं. बातमीत एक प्रसंग आहे की कागद नाहीत म्हणून ऊसतोड मजुराला तीन तास बसवलं. तो दाखल झाला होता, सलाईन सुरू होतं, तीन तास त्याचा भाऊ कार्डाच्या फोटोसाठी फोन लावत बसला होता. त्या तीन तासांत उपचार थांबलेले नव्हते, केसपेपरवर वेळा आहेत.

बातमीत बरोबर असलेलंही सांगितलं पाहिजे. समाजसेवा कक्ष संध्याकाळी साडेपाचला बंद होतो हे खरं आहे. रात्री आलेल्या नातेवाईकांना योजना समजावून सांगायला कुणी नसतं, ड्यूटीवरच्या डॉक्टरला तेवढा वेळ नसतो, आणि मग सकाळपर्यंत ते घाबरलेले असतात. यावर बातमीनं नेमकं बोट ठेवलंय. पुढच्या महिन्यापासून रात्रीच्या पाळीला बिलिंगमधल्या दोघांना हे काम शिकवून बसवायचं ठरलंय. ओपीडीत दीड-दोन तास थांबावं लागतं हेही खरं, डॉक्टर कमी आहेत, तालुक्याला यायला तयार होत नाहीत.

आणखी दोन छोट्या दुरुस्त्या आहेत, पटकन सांगतो. एक म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मिळालेली रक्कम बातमीत निर्धन रुग्ण निधीत मिळवून धरलीय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांचं ठरलेलं पॅकेज असतं आणि त्याचे पैसे योजनेकडून हॉस्पिटलला येतात. निर्धन रुग्ण निधी हा हॉस्पिटलनं स्वतःच्या बिलातून काढलेला, त्यात या योजनेचा पैसा नसतो. दोन्ही मिळवले की आकडा मोठा दिसतो, पण एकाच पेशंटचा खर्च दोन्हीकडून दाखवता येत नाही, ऑडिटमध्ये ते लगेच पकडलं जातं. दुसरं म्हणजे विश्वस्तांना मानधन दिलं असं बातमीत आहे ते. हिशोबात 'व्यावसायिक फी' म्हणून जी मोठी रक्कम आहे ती बाहेरून येणाऱ्या सर्जन, भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट यांची आहे. नऊ विश्वस्तांपैकी एकही जण हॉस्पिटलकडून एक पैसा घेत नाही, मीटिंगचा चहासुद्धा आम्ही आळीपाळीनं आणतो. ट्रस्टच्या घटनेतच तसं कलम आहे, ती घटना धर्मादाय कार्यालयात कुणालाही बघता येते.

आता मागणं काय आहे ते. कोर्ट, नोटीस असलं काही आमच्या मनात नाही, तसा विचारही मीटिंगमध्ये कुणी मांडला नाही. प्रेस कौन्सिलच्या संकेतांत आहे की तथ्याची चूक लक्षात आली की दुरुस्ती लवकर आणि ठळकपणे द्यावी, तेवढंच व्हावं. आमची विनंती चार वाक्यांपुरती आहे. ६८ हजार वसूल झाले हे वाक्य, निधीत ११ लाख ८० हजार पडून आहेत हे वाक्य, बारापैकी दहा बेड रिकामे हे वाक्य, आणि उत्पन्नाची ८५ हजारांची मर्यादा. पहिल्या पानावर बातमी होती, दुरुस्तीही शक्यतो पहिल्या पानावर यावी. जागा कमी असेल तर आमची बाजू, आमचं कौतुक यातलं काहीही छापू नका. फक्त नवीन उत्पन्नमर्यादा आणि इमर्जन्सीत डिपॉझिट लागत नाही ही दोन वाक्यं छापा, ठळक. आम्हाला त्याचाच जास्त आनंद होईल, कारण आमच्या पाटीपेक्षा तुमचा पेपर जास्त घरांत जातो.

आणि तुमच्या बातमीदारांना पुन्हा यायचं आमंत्रण आहे. या वेळी दिवसाचं बेड रजिस्टर, निधीची खतावणी आणि नऊ केसपेपर टेबलावर काढून ठेवतो, अर्थातच पेशंटची नावं झाकून. मी स्वतः बाजूला बसेन, एकेक नोंद विचारा. त्यांनी यावं असं खरंच वाटतं, कारण निधी कमी पडतोय या विषयावर कुणीतरी नीट बातमी करायला हवी आहे, आणि आमच्या हॉस्पिटलमध्ये अर्धा दिवस काढलेल्या माणसाला ती जास्त चांगली करता येईल. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी मी ऑफिसात असतो.

कळावे, लोभ असावा.

विश्वस्त मंडळाच्या वतीनं,
खजिनदार